विजेची पट्टी आणि घरातला चौकोन

वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात आणि विदर्भात विजांचा कडकडाट होऊन गेला, की टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे एक तक्रार हमखास येते. इमारतीवर तडितरक्षक आहे. वीज त्याच्यावरच पडली, पट्टीतून सरळ जमिनीत गेली आणि भिंतीला साधा तडाही गेला नाही. मग पहिल्या मजल्यावरचा टीव्ही कसा गेला? त्याला तर विजेचा स्पर्शही झाला नव्हता. खाली राहणाऱ्यांचा पंखा, फ्रिज, दिवे सगळे ठणठणीत आहेत. गेला तो टीव्ही, त्याच्याजवळचा सेट-टॉप बॉक्स आणि फार तर इंटरनेटचा राउटर.

अनेकजण याचा दोष तडितरक्षकाला देतात, तो चुकीचा बसवला असणार म्हणतात. बहुतेक वेळा त्याने आपले काम चोख केलेले असते. इमारत वाचली, माणसे वाचली. टीव्ही गेला तो पट्टीतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे, आणि त्या क्षेत्राला टीव्हीपर्यंत पोचण्यासाठी तारेची गरज नसते. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक उदाहरण नेहमी सोडवलेले असते: एक लांब सरळ तार, तिच्या शेजारी त्याच प्रतलात ठेवलेला तारेचा एक आयत, आणि दोघांमधला म्युच्युअल इंडक्टन्स किती, हा प्रश्न. परीक्षेनंतर सहसा कोणी त्या आकृतीकडे वळून बघत नाही. पण तडितरक्षकाची पट्टी म्हणजेच ती सरळ तार आहे, आणि तो आयत जवळपास प्रत्येक घरात नकळत तयार झालेला असतो.

तो कसा तयार होतो, ते एका घरात पाहू. इमारतीच्या एका भिंतीवरून तडितरक्षकाची तांब्याची पट्टी खाली उतरली आहे. तिच्यापासून १ मीटरवर, भिंतीच्या आत, तळमजल्यावरच्या मीटरबोर्डापासून पहिल्या मजल्यापर्यंत विजेची वायर वर गेली आहे. केबल टीव्हीची वायर मात्र दुसरीकडून, पट्टीपासून ४ मीटरवरून वर चढते, कारण केबलवाल्याला तिथून भोक पाडणे सोयीचे पडले. दोन्ही वायर पहिल्या मजल्यावर टीव्हीपाशी भेटतात. खाली केबलचा अ‍ॅम्प्लिफायर मीटरबोर्डाजवळ आहे आणि दोघांचे अर्थिंग एकमेकांना जोडलेले आहे. आता बोट फिरवून पाहावे: मीटरबोर्डापासून विजेच्या वायरीने ३ मीटर वर, तिथून आडवे टीव्हीपर्यंत आणि पुढे, मग केबलने खाली, आणि अर्थिंगच्या वायरीने परत मीटरबोर्डाकडे. उंची ३ मीटर आणि रुंदी ३ मीटर असा हा बंद चौकोन आहे. त्यात एकच जागा तुटलेली आहे, ती म्हणजे टीव्हीच्या आत, विजेची बाजू आणि केबलची बाजू यांच्यामधले इन्सुलेशन.

इलेक्ट्रिशियनने विजेची वायर नीट टाकली, केबलवाल्याने केबल नीट टाकली. हा चौकोन दोघांपैकी कोणीच काढलेला नाही. दोघांची कामे एकत्र आल्यावर तो आपोआप तयार झाला.

पट्टीतून प्रवाह वाहू लागला, की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राची वर्तुळे तयार होतात. पट्टी उभी असेल तर ही वर्तुळे आडवी असतात आणि पट्टीच्या शेजारच्या उभ्या चौकोनाला ती काटकोनात भेदून जातात. क्षेत्राची तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. ३०,००० अँपिअरच्या प्रवाहासाठी १ मीटरवर ती ६ मिलिटेस्ला, २ मीटरवर ३ आणि ४ मीटरवर दीड मिलिटेस्ला भरते. म्हणजे चौकोनाच्या पट्टीकडच्या कडेला क्षेत्र जोरदार आणि पलीकडच्या कडेला बरेच मंद असते. त्यामुळे चौकोनातून एकूण किती फ्लक्स जातो हे काढताना क्षेत्रफळाला एकाच आकड्याने गुणून भागत नाही. चौकोनाच्या उभ्या, अरुंद फिती कापायच्या, प्रत्येक फितीतला फ्लक्स तिच्या स्वतःच्या अंतरावरून काढायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची.

या बेरजेतून निघणारी गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. १ ते २ मीटर अंतरातल्या फितींची बेरीज आणि २ ते ४ मीटर अंतरातल्या फितींची बेरीज अगदी सारखी येते. दुसरा भाग दुप्पट रुंद आहे, पण तिथले क्षेत्र निम्मे आहे. अर्धा मीटर ते १ मीटर हा निमूळता पट्टाही तेवढेच योगदान देतो. म्हणून इथे अंतरांची वजाबाकी उपयोगाची नाही, त्यांचे गुणोत्तर मोजायचे असते. अंतर दुप्पट होत जाईल तसे दरवेळी सारख्याच मापाने वाढणारे गणितातले फलन म्हणजे लॉगरिदम, आणि म्हणूनच ते सूत्रात येते:

M = (μ0 h / 2π) ln((d + a) / d)

इथे h म्हणजे पट्टीला समांतर असलेल्या बाजूची लांबी, d म्हणजे पट्टीपासून चौकोनाच्या जवळच्या बाजूपर्यंतचे अंतर आणि a म्हणजे चौकोनाची रुंदी. सूत्रातला सुरुवातीचा स्थिरांक मीटरला ०.२ मायक्रोहेन्री इतका सुटसुटीत येतो. आपल्या घरात h = ३ मीटर, d = १ मीटर आणि a = ३ मीटर. ४ चा नैसर्गिक लॉगरिदम १.३८६ आहे. त्याला ०.६ ने गुणले की M येतो ०.८३ मायक्रोहेन्री.

हा आकडा फारच किरकोळ वाटतो, आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी तो खरोखरच किरकोळ आहे. पट्टीच्या जागी १० अँपिअर वाहून नेणारी घरगुती वायर असती, तर या चौकोनात जेमतेम अडीच मिलिव्होल्ट उमटले असते. चौकोनात उमटणारा दाब प्रवाहावर अवलंबून नसतो, प्रवाह किती झपाट्याने बदलतो यावर असतो. मायकेल फॅराडेने १८३१ मध्ये हेच दाखवले होते: एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू करताना किंवा तोडतानाच दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली सुई हलत होती, प्रवाह स्थिर वाहत असताना ती जागची हलत नव्हती. आकाशातून पडणाऱ्या विजेत हा बदलच अफाट वेगाने होतो.

किती वेगाने, याचे विश्वासार्ह आकडे स्वित्झर्लंडमधून आले. लुगानो शहराजवळच्या मोंते सान साल्वातोरे या डोंगरावर कार्ल बर्गर यांनी उंच मनोऱ्यांवर पडणाऱ्या विजांचा प्रवाह वर्षानुवर्षे थेट मोजला. १९७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलेले त्याचे सार आजही अभियंत्यांच्या हाताशी असते. ढगातून जमिनीकडे येणाऱ्या ऋणप्रभारित विजेच्या पहिल्या झोताचा मध्यम प्रवाह सुमारे ३० किलोअँपिअर असतो आणि तो चढण्याचा कमाल वेग दर मायक्रोसेकंदाला १२ किलोअँपिअर. एकाच विजेत त्याच वाटेने पाठोपाठ येणारे झोत प्रवाहाने लहान असतात, सुमारे १२ किलोअँपिअरचे. पण ते चढतात फार वेगाने, दर मायक्रोसेकंदाला ४० किलोअँपिअर. डोळ्यांना वीज लुकलुकताना दिसते ती याच पाठोपाठच्या झोतांमुळे.

गुणाकार करून पाहू. पहिल्या झोतासाठी मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअर हा गोल आकडा धरू. ०.८३ मायक्रोहेन्री गुणिले तो वेग म्हणजे सुमारे ८,३०० व्होल्ट. पाठोपाठच्या झोतासाठी हाच आकडा ३३,००० व्होल्टच्या घरात जातो. हा सगळा दाब चौकोनात जिथे तुटलेली जागा आहे तिथे, म्हणजे टीव्हीच्या आतल्या इन्सुलेशनवर येतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारी सर्वसाधारण घरगुती उपकरणे २,५०० व्होल्टचा क्षणिक आघात सहन करतील अशी बनवलेली असतात, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्ससाठी ही मर्यादा १,५०० व्होल्ट आहे. ८,३०० व्होल्ट दोन-तीन मायक्रोसेकंदच टिकतात, पण इन्सुलेशन फुटून ठिणगी उडायला तेवढा वेळ पुरतो.

पंखा आणि फ्रिज का वाचले, याचे उत्तरही यातच आहे. त्यांना एकच वायर जोडलेली असते. फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून अगदी शेजारी जातात, त्यामुळे त्यांच्यातला चौकोन नावापुरता असतो. ज्या उपकरणाला दोन वेगवेगळ्या वाटांनी वायर येते, तेच अशा वेळी सापडते: टीव्हीला वीज आणि केबल, राउटरला वीज आणि बाहेरून आलेली लाइन, गेटवरच्या कॅमेऱ्याला वीज आणि चित्राची वायर. वीज पडल्यावर घरात नेमके दोन वाटांचेच उपकरण मेले असेल, त्याचा फ्यूज शाबूत असेल, कुठे काजळी नसेल आणि दुरुस्तीत केबलच्या किंवा एचडीएमआयच्या पोर्टजवळची आयसी गेलेली निघाली, तर संशय या चौकोनावर घ्यावा. विजेच्या तारांवरून आलेला मोठा दणका असता, तर एका वाटेची उपकरणेही गेली असती आणि जळल्याच्या खुणा दिसल्या असत्या.

एमसीबी इथे काहीच करू शकत नाही. तो जास्तीचा प्रवाह ओळखून मिलिसेकंदांत तुटतो, आणि हा सगळा प्रकार त्याच्या हजारपट कमी वेळात आटोपतो. शिवाय टीव्हीचे बटण बंद केले तरी चौकोन तुटत नाही. प्लग काढला पण केबल तशीच ठेवली, तर मात्र चौकोन तुटतो, पण प्लग जिथे लोंबत असेल तिथे ती पोकळी मोठी असली पाहिजे. प्लग आणि केबल दोन्ही काढून एकमेकांपासून हातभर लांब ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि ते वीज डोक्यावर येण्याआधी करायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळपास वीज पडू लागल्याची सूचना देते, तिचा असाही उपयोग होतो.

ज्यांना कायमचा बंदोबस्त हवा, त्यांनी सूत्राकडे पुन्हा एकदा बघावे. त्यात अंतर d आणि रुंदी a अशा दोन गोष्टी हातात आहेत, आणि कोणाचेही पहिले मन अंतराकडे जाते. चौकोन पट्टीपासून आणखी १ मीटर लांब सरकवला, म्हणजे कडा २ आणि ५ मीटरवर आल्या, तर गुणोत्तर ४ वरून अडीच होते आणि दाब ८,३०० वरून ५,५०० व्होल्टवर येतो. इन्सुलेशन फुटायला हेही पुरेसे आहेत. थेट ५ मीटरवर नेला, तर कडा ५ आणि ८ मीटरवर येतात आणि दाब २,८०० व्होल्टवर उतरतो. सामान्य घरात पट्टीपासून ५ मीटर लांब जायला जागा कुठे असते? अंतर वाढवण्याची हौस अशी महागात पडते.

आता रुंदी पाहू. केबल विजेच्या वायरीच्या शेजारून, वेगळ्या पाइपातून पण १० सेंटिमीटरवरून वर नेली, बाकी काही बदलले नाही. आता कडा १ मीटर आणि १.१ मीटरवर आहेत. १.१ चा लॉगरिदम ०.०९५ आहे. म्युच्युअल इंडक्टन्स ०.८३ वरून ०.०५७ मायक्रोहेन्रीवर येतो आणि ८,३०० व्होल्टचे ५७० होतात. पाठोपाठच्या, मायक्रोसेकंदाला ४० किलोअँपिअरने चढणाऱ्या झोतासाठीही दाब २,३०० व्होल्टच राहतो, म्हणजे घरगुती उपकरणाच्या मर्यादेच्या आत. पट्टी जागची हलवलेली नाही, तिचा प्रवाह कमी केलेला नाही. फक्त एका केबलची वाट बदलली आहे. घर बांधताना इलेक्ट्रिशियनला एवढे सांगितले, तर त्याचा खर्च केबलच्या चार मीटर जास्तीच्या लांबीएवढाच येतो. घर बांधून झाल्यावर तेच काम भिंत फोडून करावे लागते, म्हणून वायरिंगचा नकाशा काढतानाच विजेची आणि सिग्नलची वाट सोबत आखायला हवी.

इंटरनेटच्या वायरीत ही युक्ती आधीच वापरलेली असते. तिच्यातल्या तारांच्या जोड्या पिळलेल्या असतात. पीळ बदलला की लागोपाठच्या बारीक चौकोनांचे तोंड उलटसुलट होते आणि एकात उमटलेला दाब पुढच्यातल्या दाबाला काटतो. पण हे त्या जोडीच्या आतल्या चौकोनापुरते. वायर आणि विजेची लाइन यांच्यामधला मोठा चौकोन तसाच राहतो, म्हणून राउटर जातो.

पट्ट्या दोन असल्या तर काय होते, हे पाहण्याजोगे आहे. इमारतीच्या दोन कडांना, १० मीटर अंतरावर दोन पट्ट्या खाली उतरल्या आणि प्रवाह दोघींत निम्मा-निम्मा वाटला गेला, असे समजू. आपला चौकोन पहिलीपासून १ ते ४ मीटरवर आहे, म्हणजे दुसरीपासून ९ ते ६ मीटरवर. दोन्ही प्रवाह खालीच जात आहेत, पण चौकोन त्यांच्या मधोमध असल्याने एकीचे क्षेत्र त्यात एका बाजूने शिरते आणि दुसरीचे विरुद्ध बाजूने. पहिलीचा वाटा १.३८६ चा निम्मा, म्हणजे ०.६९३. दुसरीचा वाटा ९ भागिले ६ च्या लॉगरिदमच्या निम्मा, म्हणजे ०.२०३, आणि तो वजा व्हायचा. उरले ०.४९. एका पट्टीवर ८,३०० व्होल्ट उमटत होते, तिथे आता सुमारे २,९०० उमटतात. प्रवाह निम्मा झाला म्हणून निम्मे व्होल्ट झाले असते. उरलेली घट क्षेत्रे एकमेकांना काटतात म्हणून झाली. आधुनिक आरसीसी इमारतीत पाया ते गच्चीपर्यंत सलग जोडलेले गज असतील, तर प्रवाह कितीतरी खांबांत वाटला जातो आणि आतल्या बाजूचे क्षेत्र आणखी मंदावते. भारतात पाळले जाणारे आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक एकाहून जास्त उतरत्या पट्ट्या मागते, त्यामागे हेही एक कारण आहे.

चौकोन मिटवताच येत नसेल, तर सर्ज प्रोटेक्टर लावून तुटलेल्या जागेला मुद्दाम वाट देता येते. तो दाब वाढताच क्षणात वाहू लागतो आणि टीव्हीवरचा दाब मर्यादेत ठेवतो. मात्र त्यातून जाणारा प्रवाह लहान नसतो. वाट बंद झाली, की प्रवाह अडवणारा मुख्य घटक चौकोनाचा स्वतःचा इंडक्टन्स असतो. ३ मीटर बाजूच्या आणि १ मिलिमीटर त्रिज्येच्या तारेच्या चौकोनासाठी तो सुमारे १७ मायक्रोहेन्री भरतो. ०.८३ भागिले १७ म्हणजे साधारण विसावा भाग. पट्टीतून ३०,००० अँपिअर गेले, तर चौकोनात १,४०० अँपिअर फिरतात. दुकानातल्या स्वस्त एक्स्टेंशन बोर्डवर ‘सर्ज’ असे छापलेले असते, तिथे किती किलोअँपिअरचे, हे विचारणे म्हणून गरजेचे आहे. आणि प्रोटेक्टर विजेच्या वायरीलाच लावला, केबलला नाही, तर चौकोनाची दुसरी बाजू उघडीच राहते. दोन्ही वायर एकाच प्रोटेक्टरमधून गेल्या पाहिजेत आणि त्याचे अर्थिंग एकच असले पाहिजे.

या गणिताला काही मर्यादा आहेत. पहिला प्रश्न ‘लांब सरळ तार’ या शब्दांचा. दहा मीटरची पट्टी लांब कशी म्हणायची? इथे निसर्ग मदतीला येतो. पट्टीच्या वर विजेचा झोत आकाशात सरळ गेलेला असतो, म्हणजे तारेचे वरचे टोक शेकडो मीटर लांब जाते. खाली जमीन वाहक असल्याने ती आरशासारखी वागते, आणि उभ्या प्रवाहाची आरशातली प्रतिमा त्याच दिशेने वाहते. त्यामुळे जमिनीलगतच्या चौकोनाला ती तार दोन्ही बाजूंनी लांब दिसते आणि सूत्र बऱ्यापैकी लागू पडते. जमीन खडकाळ आणि कोरडी असेल, झोत तिरका आला असेल किंवा पट्टीला वाटेत वळणे असतील, तर आकडे बदलतात. दुसरी मर्यादा d ची. d शून्याकडे गेला की लॉगरिदम अनंताकडे धावतो, पण तारेला जाडी असते, म्हणून d पट्टीच्या मध्यापासून मोजतात आणि तो तिच्या जाडीपेक्षा लहान होऊच शकत नाही. तसेही उतरत्या पट्टीला घरातली वायर इतकी चिकटून गेली, तर प्रश्न इंडक्टन्सचा राहत नाही, पट्टीवरून वायरीवर थेट ठिणगी उडण्याचा होतो. तिसरी गोष्ट, अर्थिंग. पट्टीचे अर्थिंग आणि घराचे अर्थिंग एकमेकांना जोडलेले नसेल, तर जमिनीतल्या रोधामुळे उभा राहणारा दाब या सगळ्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. ते आधी जोडायचे, मग चौकोनाची चिंता करायची.

एका गोष्टीने घाबरून जायला नको: चौकोन पट्टीच्याच प्रतलात असणे ही सर्वात वाईट स्थिती आहे. पट्टीची दिशा आणि चौकोनाचे प्रतल यांचा संबंध बदलला, की फ्लक्स घटतो. जमिनीवर आडव्या पसरलेल्या चौकोनातून उभ्या पट्टीची वर्तुळे शिरतच नाहीत, ती त्याला समांतर जातात. म्हणून एकाच मजल्यावरच्या, आडव्या वायरिंगला पट्टीपासून तितकासा धोका नसतो. दोन मजल्यांना जोडणाऱ्या उभ्या वायरींचाच प्रश्न असतो. आणि वीज इमारतीवर न पडता ५० मीटरवरच्या झाडावर पडली, तरी मूळच्या ३ मीटरच्या चौकोनात, तो नेमका त्या प्रतलात असेल तर, पाठोपाठच्या झोताने १,४०० व्होल्ट उमटू शकतात. झाडावर वीज पडली तेव्हा घरातला राउटर गेला, अशा गोष्टी गावोगावी ऐकायला मिळतात, त्या खोट्या नसतात.

हे सगळे आकडे मोजता येतात, आणि त्यासाठी विजेची वाट पाहावी लागत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कमी दाबाच्या ट्रान्सफॉर्मरने ४ मीटर लांबीच्या सरळ तारेतून ५ अँपिअर, ५० हर्ट्झचा प्रवाह सोडतात. लाकडी चौकटीवर १ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद असे १०० वेढे गुंडाळायचे, आणि चौकटीची लांब बाजू तारेला समांतर, ५ सेंटिमीटरवर ठेवायची. गुणोत्तर २५ भागिले ५, म्हणजे ५. त्याचा लॉगरिदम १.६१. प्रत्येक वेढ्याचा म्युच्युअल इंडक्टन्स ०.३२ मायक्रोहेन्री, आणि शंभर वेढ्यांवर दाब ५० मिलिव्होल्ट. साधा डिजिटल मल्टिमीटर तो सहज दाखवतो.

पण प्रवाहाला परत जायला दुसरी तार लागते, आणि ती विसरली की प्रयोग फसतो. परतीची तार चौकटीच्या विरुद्ध बाजूला, सरळ तारेपासून २ मीटर लांबून नेली, तरी मल्टिमीटर अपेक्षेपेक्षा आठ-दहा टक्के कमी दाखवतो. तीच तार सोयीसाठी सरळ तारेपासून २ सेंटिमीटरवर नेली, तर तिचा उलटा वाटा मूळच्या १.६१ मधून १.३५ खाऊन टाकतो आणि ५० च्या जागी मल्टिमीटरवर ८ मिलिव्होल्ट दिसतात. आकडा इतका खाली आला, की विद्यार्थी पहिल्यांदा मल्टिमीटर बदलतात, मग वेढे मोजतात, आणि शेवटी परतीच्या तारेकडे त्यांचे लक्ष जाते.

त्याच साहित्याने आणखी एक तपासणी करता येते, आणि ती केलीच पाहिजे. प्रवाह चौकटीतून सोडायचा आणि मल्टिमीटर सरळ तारेच्या टोकांना जोडायचा. आकडा तोच येतो. फ्रांझ नॉयमान यांनी १८४५ मध्ये मांडलेल्या सूत्रातून हे सिद्ध होते: कोणता वाहक प्रवाह देणारा आणि कोणता घेणारा, याने M बदलत नाही. चौकटीच्या चार बाजूंचे क्षेत्र काढून त्याचा लांब तारेवरचा परिणाम मोजायचा, तर ते गणित पानेच्या पाने चालेल. तारेकडून चौकटीकडे गेले की ते एका ओळीत संपते, आणि उत्तर दोन्हीकडे लागू पडते. फक्त एक काळजी घ्यावी लागते. प्रवाह बंद करून मल्टिमीटरवर काय उरते ते आधी पाहायचे. प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइट, पंखे आणि भिंतीतल्या वायरी यांचे ५० हर्ट्झचे क्षेत्र चौकटीत सतत शिरत असते, आणि एक-दोन मिलिव्होल्ट त्यांचेच असतात. चौकट तिच्या स्वतःच्या लांब मध्यरेषेभोवती ९० अंशांत फिरवून, तारेच्या वर्तुळांना समांतर आणली, की तारेचा वाटा जवळजवळ शून्य होतो आणि जो आकडा उरतो तो बाहेरच्या वायरींचा असतो.